धरणाचे आकडे बोलून सांगताना: टीएमसी आणि क्युसेक कानाला कळतील असे कसे सांगावेत

जुलै-ऑगस्टमध्ये कृष्णा, पंचगंगा, भीमा यांच्या काठावरच्या गावांत रोज कुणी ना कुणी धरणाचे आकडे वाचून दाखवत असतं. कधी ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून, कधी स्थानिक रेडिओवर, तर कधी व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर आवाज रेकॉर्ड करून. पाटबंधारे विभागाचं पत्रक हातात असतं आणि ते जसंच्या तसं वाचलं जातं. ऐकणारा बाहेर अंगणात उभा असतो, पाऊस पडत असतो, आणि त्याला एवढंच जाणून घ्यायचं असतं की जनावरं आज वर हलवायची की उद्या सकाळी. पत्रकातल्या आकड्यांत उत्तराचा बराचसा भाग असतो, पण तो वाचणाऱ्याने काढून द्यावा लागतो. तो कसा काढायचा, हे इथे सांगतो.

नमुन्यासाठी एक ओळ घेऊ. धरण कोयना, क्षमता खरी, म्हणजे १०५.२५ टीएमसी. बाकीचे आकडे उदाहरणापुरते धरलेले आहेत:

«सकाळी ८ वाजता एकूण पाणीसाठा ८२.६४ टीएमसी (७८.५२ टक्के), आवक ४६,३१८ क्युसेक, पायथा वीजगृहातून विसर्ग २,१०० क्युसेक.»

कागदावर ही ओळ उत्तम आहे. डोळा मागे जाऊ शकतो, पुन्हा वाचू शकतो. कानाला मागे जाता येत नाही. «ब्याऐंशी पूर्णांक चौसष्ट शतांश» ऐकून मन ते लावेपर्यंत «अठ्ठ्याहत्तर पूर्णांक बावन्न शतांश टक्के» येऊन आदळतं, आणि आवक ऐकू येईपर्यंत माणसाने ऐकणं सोडलेलं असतं.

आधी दोन मापं स्वतःच्या डोक्यात पक्की करा

टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. हे साठ्याचं माप आहे, पाणी किती आहे ते सांगणारं. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. हे वाहण्याचं माप आहे, पाणी किती जोराने येतंय किंवा जातंय ते सांगणारं. बोलताना सगळ्यात जास्त गोंधळ या दोघांची सरमिसळ झाल्याने होतो. «धरणात पन्नास हजार क्युसेक पाणी आहे» असं कुणी म्हणालं की समजावं, वाचणाऱ्यालाच आकडा कळलेला नाही.

दोघांना जोडणारा एकच आकडा पाठ करून ठेवा: ११,५७४. इतके क्युसेक पाणी चोवीस तास सतत वाहिलं की एक टीएमसी भरतं. दिवसाचे ८६,४०० सेकंद असतात, त्यांनी शंभर कोटीला भागलं की हा आकडा येतो. तोंडी हिशेबाला साडेअकरा हजार धरले तरी चालतं. म्हणजे तेवीस हजार क्युसेकच्या आसपास आवक असेल तर दिवसाला दोन टीएमसी, पस्तीस हजारांच्या आसपास असेल तर तीन. हा आकडा श्रोत्यांना सांगायचा नाही. तो तुमच्यासाठी आहे, क्युसेकचं रूपांतर दिवसांत करण्यासाठी.

आणि एक टीएमसी म्हणजे डोळ्यांसमोर काय येतं? लिटरमध्ये ते २,८३२ कोटी होतात. हे बोलून उपयोग नाही, कारण कोटी लिटर कुणी पाहिलेले नाहीत. पण तेच पाणी जमिनीवर पसरलं तर सात हजार एकरांवर एक मीटर उंच उभं राहील. शेतकऱ्याला एकर कळतो आणि एक मीटर म्हणजे साधारण कमरेइतकं. «एक टीएमसी म्हणजे सात हजार एकर रानात कमरेइतकं पाणी» हे वाक्य एकदा नीट ऐकवलं की पुढच्या आठवडाभराच्या बातम्यांना आधार मिळतो. ते रोज म्हणायचं नाही. पावसाळ्याच्या सुरुवातीला एकदा, आणि मोठा पूर येणार असेल तेव्हा पुन्हा एकदा, एवढं पुरतं.

पाण्याला टँकरने मोजू नका

टँकरची तुलना पटकन सुचते. दहा हजार लिटरचा टँकर सगळ्यांनी पाहिलेला असतो. पण एक टीएमसीचे असे २८ लाखांहून जास्त टँकर होतात. म्हणजे एक न कळणारा आकडा काढून आपण दुसरा न कळणारा आकडा ठेवला. तुलना करून झाल्यावर उरलेली संख्या डोळ्यांसमोर उभी राहत असेल तरच ती तुलना कामाची, असं मी मानतो. गावाच्या पाणीपुरवठ्याच्या टाकीबद्दल बोलताना टँकर चालतो, कारण तिथे उत्तर पाच-दहा टँकरांत येतं. धरणाला तो चालत नाही.

दुसरी फसवी तुलना म्हणजे «इतक्या पाण्यात आपलं गाव इतकी वर्षं पाणी पिईल». दोन हजार वस्तीचं गाव, माणशी रोज ५५ लिटर धरले, तर एक टीएमसी त्या गावाला सातशे वर्षं पुरेल. गणित बरोबर आहे आणि वाक्य टाळ्या घेणारं आहे, पण ऐकणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. सातशे वर्षांचा त्याला काय उपयोग? शिवाय धरणातलं बहुतेक पाणी शेतीला, विजेला, कारखान्यांना जातं, काही वाफ होऊन उडतं. त्यामुळे ही तुलना नकळत खोटंही सांगते. पाण्याची टंचाई आहे की नाही, हा प्रश्न अशा वाक्याने उलटा ऐकणाऱ्याच्या डोक्यात बसतो: एवढं पाणी आहे, मग आम्हाला का मिळत नाही?

धरणाच्या बाबतीत सगळ्यात चांगली तुलना त्याच धरणाची कालच्या दिवसाशी असते. त्याखालोखाल गेल्या वर्षी याच तारखेशी. आणि नदीच्या पातळीची तुलना लोकांनी स्वतः पाहिलेल्या पुराशी.

टक्के सांगण्याआधी «कशाचे» ते सांगा

पुण्याजवळच्या चार धरणांचं उदाहरण घ्या: खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर. चारही मिळून २९.१५ टीएमसी. त्यात एकट्या खडकवासल्याची क्षमता १.९७ टीएमसी, वरसगावची १२.८२. बातमीत येतं, «खडकवासला शंभर टक्के भरलं», आणि शहरात आनंद होतो. पण वरसगाव जेमतेम पंधरा टक्के भरलं तरी त्यात जवळपास तेवढंच पाणी असतं. टक्के ऐकले की मनात भांड्याचं चित्र उभं राहतं, आणि भांडं केवढं ते कळलं नाही तर चित्र चुकतं. म्हणून बोलताना क्रम असा ठेवा: आधी धरण केवढं, मग ते किती भरलं. «चारही धरणं मिळून एकोणतीस टीएमसीची. आज त्यात पंधरा टीएमसी पाणी आहे. म्हणजे निम्म्याहून थोडं जास्त.» इथे टक्के हा शब्द आलाच नाही, तरी सगळं कळलं.

उजनीची गोष्ट याहून अवघड आहे. उन्हाळ्यात बातमी येते, «उजनी वजा तीस टक्क्यांवर». पाणी शून्याच्या खाली कसं जाईल, असा प्रश्न पडलेली माणसं मला दरवर्षी भेटतात, आणि त्यांचा प्रश्न अगदी रास्त आहे. उजनीचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी. त्यात सुमारे ६३.६६ टीएमसी मृतसाठा, म्हणजे नेहमीच्या दारांतून जे बाहेर काढता येत नाही ते तळाचं पाणी. वरचे साधारण ५३.५७ टीएमसी उपयुक्त साठा. टक्के मोजले जातात ते या वरच्या भागाचे. वजा तीस टक्के म्हणजे मृतसाठ्यातूनही सोळा टीएमसी कमी झालं. उरलं किती? सुमारे साडेसत्तेचाळीस टीएमसी. पुण्याची चारही धरणं काठोकाठ भरली तरी जेवढं पाणी मावेल, त्याच्या दीडपटीहून जास्त. अर्थात तळाशी गाळही साचलेला असतो, त्यामुळे हे सगळं पाणीच आहे असं समजायचं नाही.

हे बोलून सांगायचं तर असं सांगता येईल: «उजनीत वापरायचं पाणी संपलंय. आता तळाचा राखीव साठा चालू आहे, आणि त्यातलाही चौथा हिस्सा गेलाय.» चौथा हिस्सा कसा? त्रेसष्ट-चौसष्टमधले सोळा. «वजा» हा शब्द नंतर जोडायचा, कारण लोकांनी तो वर्तमानपत्रात वाचलेला असतो: «यालाच पेपरात वजा तीस टक्के म्हणतात.»

टक्क्यांचा आणखी एक खड्डा. साठा ४० टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर गेला तर «साठा दहा टक्क्यांनी वाढला» असं म्हणायचा मोह होतो. कुणी त्याचा अर्थ चाळीसचे दहा टक्के, म्हणजे चार, असा लावेल, आणि त्याचंही बरोबर आहे. «चाळीसवर होता, पन्नासवर आला» असं दोन टोकं देऊन बोललं की वाद उरत नाही.

आकडा गोल करताना

आता नमुन्याच्या ओळीकडे येऊ. मराठीत आकडा गोल करायची सोय बोलण्यातच आहे: सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच, साडेतीन. हे शब्द ऐकताना माणूस आपोआप समजतो की हा ढोबळ आकडा आहे, आणि तरी तो बऱ्यापैकी नेमका असतो. त्यामुळे ८२.६४ चे «साडेब्याऐंशी» करायचे. ४६,३१८ चे «शेहेचाळीस हजार».

पण एक गोष्ट सांभाळा. एका बातमीतले आकडे एकमेकांशी जुळले पाहिजेत. धरणाची क्षमता १०५.२५ आणि साठा ८२.६४, म्हणजे शिल्लक जागा २२.६१. प्रत्येक आकडा वेगळा गोल केला तर होतं एकशे पाच, त्र्याऐंशी आणि तेवीस. ऐकणाऱ्या आजोबांनी मनात बेरीज केली की एकशे सहा येतात, आणि मग ते पुढचं काहीच मानत नाहीत. अर्ध्यावर गोल केलं तर साडेब्याऐंशी अधिक साडेबावीस बरोबर एकशे पाच. म्हणून आधी गोल करून घ्या, मग बेरीज-वजाबाकी करून पाहा, नाही जुळलं तर गोल करायची जागा बदला.

आता दिवस काढू. आवक ४६,३१८ मधून विसर्ग २,१०० वजा केला की ४४,२१८ क्युसेक धरणात साठतात. त्याला ११,५७४ ने भागलं की दिवसाला ३.८२ टीएमसी. बोलायला «पावणेचार». शिल्लक जागा साडेबावीस, रोजची भर पावणेचार, म्हणजे सहा दिवस.

बोललेली बातमी अशी होईल:

«कोयना धरण एकशे पाच टीएमसीचं आहे. आज सकाळी आठ वाजता त्यात साडेब्याऐंशी टीएमसी पाणी होतं, म्हणजे चार भागांतले तीन भाग भरून थोडं वर. धरणात येणाऱ्या पाण्याचा जोर असाच राहिला, तर रोज पावणेचार टीएमसीची भर पडेल आणि सहा दिवसांत धरण भरेल. पण धरण काठोकाठ भरेपर्यंत थांबत नाहीत. दरवाजे त्याआधीच उघडू शकतात. सध्या फक्त पायथ्याच्या वीजघरातून एकवीसशे क्युसेक पाणी नदीत येतंय.»

शेवटून तिसरं आणि दुसरं वाक्य गाळू नका. कोणत्या महिन्यात किती साठा ठेवायचा याची प्रत्येक मोठ्या धरणाची सूची ठरलेली असते, आणि पुढे मोठा पाऊस दिसत असेल तर जागा करण्यासाठी आधीच पाणी सोडतात. «सहा दिवस» एवढंच ऐकून माणूस निर्धास्त झाला तर तुमचं गणित बरोबर असूनही तुम्ही त्याला धोक्यात टाकलंत. «असाच राहिला, तर» ही अट वाक्याच्या सुरुवातीला आणि थोडी जोर देऊन म्हणायची, कारण शेवटी ठेवली तर ती ऐकलीच जात नाही.

गोल करण्याची दिशाही पाहा. नदीत सोडलेल्या पाण्याचा आकडा वरच्या बाजूला गोल करावा. ९,८०० चे दहा हजार, २४,६०० चे पंचवीस हजार. आणि बदल सांगताना पट सांगा: «दुपारी दहा हजार होता, आता पंचवीस हजार केलाय, म्हणजे अडीच पट.» उलट पिण्यासाठी उरलेल्या पाण्याचा आकडा खालच्या बाजूला गोल करा. चूक झालीच तर ती सावधगिरीच्या बाजूला व्हावी.

काय कधीच गोल करायचं नाही

ज्या आकड्यावर माणूस उठून काहीतरी करणार आहे, तो आकडा जसाच्या तसा. दरवाजे किती वाजता उघडणार, कितीने, आणि नदीची पातळी. कोल्हापूरला राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. सांगलीला आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० आणि धोका पातळी ४५ फूट. इथे «चाळीसच्या आसपास» म्हणणं चालत नाही. सांगलीला एकोणचाळीस फूट दहा इंच असेल तर तसंच म्हणायचं, आणि लगेच पुढे «इशारा पातळीला दोन इंच कमी».

पातळीचा आकडा एकटा सोडू नये. सांगलीकरांना २०१९ चा पूर आठवतो, तेव्हा आयर्विनजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. २०२१ चाही आठवतो. «आज त्रेचाळीस फूट» यापेक्षा «आज त्रेचाळीस फूट, धोका पातळीला दोन फूट कमी, एकोणीस सालच्या पाण्यापेक्षा चौदा फूट खाली» हे जास्त कळतं, कारण त्या वर्षी पाणी आपल्या दारात कुठवर आलं होतं त्याची खूण प्रत्येकाच्या भिंतीवर किंवा डोक्यात आहे. मात्र क्युसेकवरून पातळीचा अंदाज स्वतः बांधून सांगू नका. तेवढाच विसर्ग एका वेळी नदीत सहज मावतो, आणि खालच्या ओढ्या-उपनद्यांनाही पाणी असेल तर तोच गावात शिरतो. विसर्ग दुप्पट झाला म्हणून पाणी दुप्पट उंच चढत नाही. पातळी सांगायची ती मोजलेली किंवा प्रशासनाने दिलेली.

आवाजात म्हणताना

एका वाक्यात एकच आकडा. आधी गोष्टीचं नाव, मग किंचित थांबून आकडा, मग माप, मग पूर्ण थांबा. «नदीत सोडलेलं पाणी… पंचवीस हजार क्युसेक.» मापही एकच ठेवा. मराठवाड्यात जायकवाडीचे आकडे दलघमीत येतात, म्हणजे दशलक्ष घनमीटरमध्ये, आणि पश्चिम महाराष्ट्रात टीएमसीत. एक टीएमसी म्हणजे सुमारे २८.३ दलघमी. जायकवाडीचा उपयुक्त साठा भरल्यावर २,१७१ दलघमी होतो, टीएमसीत तो पावणेसत्त्याहत्तरच्या आत येतो. पैठणच्या माणसाला दलघमीच सांगा, सातारच्या माणसाला टीएमसी. दोन्ही एकाच बातमीत मिसळू नका.

भोंग्यावर आणि वाऱ्यात आपले काही आकडे एकमेकांत मिसळतात: सत्तेचाळीस आणि सत्तावन्न, त्रेचाळीस आणि त्रेसष्ट, एकोणसाठ आणि एकोणसत्तर. पुराच्या पातळीत हा फरक भयंकर आहे. अशा आकड्यानंतर अंक वेगळे म्हणावेत: «त्रेचाळीस फूट. चार-तीन. त्रेचाळीस.» शाळकरी मुलांनाही, मोठ्यांनाही त्यामुळे चटकन कळतं.

बातमी देण्याआधी एकदा ती जवळच्या कुणाला तरी कागद न दाखवता ऐकवा आणि «काय कळलं?» एवढंच विचारा. आकडे आठवले का ते विचारू नका. «सहा दिवसांत धरण भरेल, पण पाणी आधीही सोडतील» असं उत्तर आलं तर बातमी पोचली. «ऐंशी-बिंशी टक्के काहीतरी» असं उत्तर आलं तर आकड्यांतला एखादा काढून टाका. बहुतेक वेळा आवक काढावी लागते. कानाला तिचा उपयोग सर्वांत कमी, आणि दिवसांच्या हिशेबात ती आलेलीच असते.

मधल्या वेळात आकडा बदलला, दुपारचा विसर्ग रात्री वाढवला, तर नवी बातमी जुन्या आकड्यापासून सुरू करा. «दुपारी तुम्हाला पंचवीस हजार सांगितलं होतं. रात्री नऊपासून ते चाळीस हजार होणार आहे.» नुसतं «चाळीस हजार» ऐकलं तर अर्ध्या लोकांना वाटतं आपण दुपारी चुकीचं ऐकलं, आणि शेजारी-शेजारी दोन आकडे फिरत राहतात. वेळ सांगताना पाणी धरणातून सुटायची वेळ आणि ते आपल्या गावाजवळ पोचायची वेळ, दोन्ही वेगळ्या सांगा. दुसरी वेळ पत्रकात नसेल तर तलाठ्याला किंवा तहसील कार्यालयात फोन करून विचारून घ्या, आणि मगच भोंगा चालू करा.